छताच्या कोपऱ्यातली काळी बुरशी: गळती आहे की हवेतलं पाणी, ते कसं ओळखायचं आणि काय करायचं

छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसले की बहुतेकांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो गच्ची गळत असल्याचा. मग वॉटरप्रूफिंगवाला येतो, वर थर चढतो, आतून पुट्टी आणि रंग होतो. काही महिन्यांनी ठिपके त्याच कोपऱ्यात पुन्हा हजर. अशा वेळी काम वाईट झालं असं नेहमीच नसतं. पुष्कळदा पाणी वरून आलेलंच नसतं. ते खोलीतल्या हवेत होतं आणि थंड कोपऱ्यात जाऊन बसलं.

म्हणून खर्चाच्या कुठल्याही कामाला हात लावण्याआधी दोन-चार दिवस फक्त पाणी कुठून येतं ते शोधण्यात घालवावेत.

कोपराच का?

हवा जितकी गरम तितकी तिच्यात वाफ जास्त मावते. तीच हवा थंड पृष्ठभागाला टेकली की तिची वाफ धरायची ताकद कमी होते आणि जादा वाफ पाणी होऊन तिथे बसते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तो असाच. ज्या तापमानाला हा घाम सुटायला लागतो त्याला दवबिंदू म्हणतात.

खोलीत छत आणि दोन बाहेरच्या भिंती जिथे भेटतात तो कोपरा सर्वांत थंड असतो. आतून तिथे ऊब पोहोचायला जागा थोडी, आणि बाहेरून उष्णता निसटायला पृष्ठभाग मोठा. त्यात पंख्याचा वारा कोपऱ्यापर्यंत नीट पोहोचत नाही. स्लॅबची कड, बीम आणि कॉलम हे काँक्रीटचे भाग विटांच्या भिंतीपेक्षा उष्णता लवकर वाहून नेतात, म्हणून बीमच्या रेषेवर ठिपक्यांची रांग उमटते. भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटामागे हाच प्रकार घडतो.

नवख्या माणसाच्या हातून एक गोष्ट नेहमी सुटते. बुरशीला थेंब लागत नाहीत. त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावते तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, ती सापेक्ष आर्द्रता. भिंतीला अगदी लागून असलेल्या हवेत ती बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पुरतं. त्यामुळे ‘हात लावला तर भिंत कोरडी लागते, म्हणजे दव नसणार’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

एका खोलीचा हिशोब

३ मीटर बाय ३.६ मीटरची, २.७ मीटर उंचीची झोपायची खोली घेऊ. तिला जोडून न्हाणीघर आहे आणि छताच्या बाहेरच्या कोपऱ्यात ताटाएवढा काळा पट्टा आहे. पहाटे साधं डिजिटल आर्द्रतामापक २४ अंश आणि ७५ टक्के दाखवतं. या हवेचा दवबिंदू साधारण १९.३ अंश येतो. इन्फ्रारेड थर्मामीटर कोपऱ्यावर रोखला तर तिथे २०.५ अंश आहेत आणि छताच्या मध्यावर २३.

कोपरा दवबिंदूच्या वर आहे, म्हणजे तिथे थेंब धरणार नाहीत. पण खोलीतली तीच हवा २०.५ अंशांपर्यंत थंड झाली की तिची आर्द्रता जवळजवळ ९३ टक्के होते. छताच्या मध्यावर ती जेमतेम ८० भरते. एकाच खोलीत, एकाच छतावर, कोपरा काळा आणि मधला भाग पांढरा का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता खोलीची आर्द्रता ७५ वरून ६० वर आणली आणि बाकी काहीच बदललं नाही, तर कोपऱ्यातली आर्द्रता ७४ टक्क्यांवर येते. बुरशीला ती अपुरी पडते. कोपरा गरम न करता, काही न फोडता प्रश्न सुटू शकतो, तो असा.

हे पाणी येतं कुठून? २४ अंशांना या अख्ख्या खोलीतल्या हवेत फार तर ६४० ग्रॅम पाणी मावतं. धुऊन पिळलेल्या कपड्यांच्या एका मशीनभर ढिगात साधारण दोन लिटर पाणी असतं. ते कपडे खोलीतच दोरीवर वाळवले तर हवेत मावेल त्याच्या तिप्पट पाणी त्या हवेत सोडल्यासारखं होतं. त्यातलं थोडं फटींतून बाहेर जातं आणि उरलेलं भिंती, गाद्या, पडदे पिऊन घेतात. बंद खोलीत झोपलेली दोन माणसं रात्रभरात पाव ते अर्धा लिटर पाणी श्वासातून आणि घामातून सोडतात. शिवाय आंघोळीनंतर न्हाणीघराचं दार उघडं राहिलं की तिथली वाफ थेट या खोलीत येते. गॅसची शेगडीही यात धरावी. १ किलो एलपीजी जळला की दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं.

गळती की दव: आधी डोळ्यांनी पाहा

गळतीचा डाग बहुधा एका जागी सुरू होतो आणि पसरत जातो. त्याची कड पिवळसर-तपकिरी असते, सुकल्यावर चहाच्या कपाखाली उमटतं तसं कडं राहतं. रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, गिलाव्यावर पांढरी भुकटी म्हणजे लोणा फुटतो. पाणी काँक्रीटमधून आणि गिलाव्यातून वाट काढत येताना क्षार सोबत आणतं, म्हणून हे होतं.

दवाची ओल पसरट असते, तिला ठळक कड नसते. बुरशी सुट्या काळ्या किंवा हिरवट ठिपक्यांनी सुरू होते आणि सगळे थंड भाग एकाच वेळी धरते: दोन-तीन कोपरे, खिडकीच्या चौकटीभोवतीचा भाग, कपाटामागची भिंत. पोपडे सुरुवातीला नसतात आणि लोणा तर नसतोच. लोणा आणि बुरशी यांत गोंधळ झाला तर चिमूटभर पांढरा थर पाण्यात टाकावा. क्षार बहुतेक विरघळतात, बुरशी विरघळत नाही. काळा डाग बुरशीचा की धुळीचा अशी शंका असेल तर पाण्यात पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब कापसाने लावावा. मिनिट-दोन मिनिटांत फिका झाला तर बुरशी, जसाच्या तसा राहिला तर बहुधा धूळ किंवा काजळी.

यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे वेळ. एक कागद घेऊन दहा-बारा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ लिहा: डाग ओला की कोरडा, पाऊस पडला का, वरच्या मजल्यावर पाण्याचा वापर झाला का, खोलीत कपडे वाळत होते का, आर्द्रता किती. पावसानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डाग गडद होत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. कोरड्या हवेतही डाग कायम ओला असेल तर नळाची किंवा सांडपाण्याची वाहिनी. पहाटे आणि आंघोळीनंतर ओल दिसून दुपारी विरत असेल तर दव. ही नोंद कंटाळवाणी वाटते, पण वॉटरप्रूफिंगच्या अख्ख्या खर्चाचा निर्णय तिच्यावर ठरतो.

फॉइलची चाचणी

1. डागाची जागा आधी कोरडी करा. कापडाने पुसून टेबल पंखा किंवा हेअर ड्रायर लावा. ओल्या भिंतीवर टेप धरत नाही, आणि आधीचीच ओल आत अडकून निकाल खोटा येतो.
2. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा साधारण ३० बाय ३० सेंमीचा तुकडा डागावर सपाट बसवा. चारही कडा रुंद टेपने पूर्ण बंद करा. एक बाजू सैल राहिली तरी चाचणी फुकट जाते.
3. दुसरा तुकडा त्याच भिंतीवर एखादा मीटर अंतरावर, डाग नसलेल्या जागी लावा.
4. खोलीचा वापर नेहमीसारखा ठेवा. २४ ते ४८ तासांनी, शक्यतो पहाटे, आधी बाहेरची बाजू बोटाने तपासा. मगच तुकडा काढून मागची बाजू बघा.

खोलीकडची बाजू ओली म्हणजे पाणी हवेतलं. भिंतीकडची बाजू ओली म्हणजे पाणी भिंतीच्या आतून येतंय. दोन्ही बाजू ओल्या असतील तर दोन्ही दुखणी एकत्र आहेत, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा सापडतं. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता लवकर घालवते, त्यामुळे लहानशी गळती कोपरा थंड करते आणि त्यावर दवही धरतं.

या चाचणीला मर्यादा आहेत. गळती पावसातच होत असेल तर कोरड्या आठवड्यातली चाचणी काहीच सांगणार नाही, ती पावसात पुन्हा करावी लागेल. नवीन इमारतीत काँक्रीट आणि गिलाव्यातलं बांधकामाचं पाणी कित्येक महिने बाहेर पडत असतं, तिथे मागची बाजू ओली निघाली म्हणून लगेच गळती समजू नये. फॉइल दोन्हीकडून कोरडं निघालं आणि तरी बुरशी वाढत असेल, तर वरच्या हिशोबातली स्थिती समजावी: थेंब नाहीत, पण आर्द्रता ८० च्या पुढे.

डागाच्या वर दुसऱ्या घराचं न्हाणीघर असेल तर आणखी एक चाचणी करून घ्यावी. तिथल्या जाळ्या बंद करून फरशीवर दोन-तीन सेंमी पाणी २४ तास ठेवायचं आणि पातळीची खूण करायची. खालचा डाग वाढला तर फरशी किंवा तिचे सांधे. डाग तसाच राहिला, पण नळ सुरू असताना वाढतो, तर वाहिनी. गळती सिद्ध झाली तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी ती बंद करावी, कारण कितीही हवा खेळवली तरी वरून येणारं पाणी थांबणार नाही.

दव ठरलं: आता वाफ बाहेर काढा

सर्वांत मोठा फरक न्हाणीघरात पडतो. १.५ बाय २.४ मीटरचं, २.७ मीटर उंच न्हाणीघर म्हणजे ९.७ घनमीटर हवा. ती तासाला आठ वेळा बदलायची तर एक्झॉस्ट फॅनने ताशी ७८ घनमीटर, म्हणजे मिनिटाला ४६ घनफूट किंवा ४६ सीएफएम हवा ओढली पाहिजे. खोक्यावरचा आकडा पाइप आणि जाळी न लावता मोजलेला असतो, म्हणून ताशी १०० घनमीटर किंवा त्याहून थोडा मोठा फॅन घ्यावा.

फॅन बसवला की काम झालं असं धरू नका. बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा कुठून तरी आत आली पाहिजे. दाराखाली एक सेंमीची फट ठेवा. ७५ सेंमी रुंदीच्या दाराला ती पुरते. उलट फॅनला लागूनच असलेली खिडकी उघडी असेल तर फॅन तिच्यातलीच हवा ओढून परत बाहेर टाकतो आणि छताखालची वाफ जागच्या जागी राहते. आंघोळीच्या वेळी दार बंद, फॅनजवळची खिडकी बंद, फॅन सुरू. आंघोळ संपल्यावर फॅन आणखी २० ते ३० मिनिटं चालू ठेवा, कारण ओल्या लाद्यांवरचं पाणी तेव्हाच वाफ होत असतं. भिंती आणि फरशी वायपरने निपटून घेतली तर हवेत जाणारं बरंचसं पाणी थेट जाळीत जातं. उपाय साधा आहे, म्हणून कोणी करत नाही.

फॅन ओढतो का हे पाहायला टिश्यू पेपरचा एक पदर जाळीवर धरा. तो स्वतःहून चिकटून राहिला पाहिजे. गळून पडला तर पाती धुळीने माखली आहेत, पाइप दबलाय किंवा बाहेरची झडप चिकटून बसली आहे. फॉल्स सीलिंग असेल तर एकदा वर डोकावून पाइप खरोखर इमारतीबाहेर जातो का ते पाहा. पाइप मधेच सुटला असेल तर न्हाणीघरातली सगळी वाफ फॉल्स सीलिंगच्या वर स्लॅबला लागत राहते, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

खोलीत कपडे वाळवणं बंद करा. जागाच नसेल तर ते न्हाणीघरात, दार लावून, फॅनखाली वाळवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच ते दहा सेंमी पुढे ओढा आणि खाली-वर हवा जाईल असं ठेवा. पंख्याचा किंवा टेबल फॅनचा वारा रोज थोडा वेळ त्या कोपऱ्याकडे वळवला तर तिथला साचलेला हवेचा थर हलतो आणि पृष्ठभागही थोडा उबदार होतो.

‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला सरसकट देऊ नये. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या थोडा वर असतो. एसीने २२ अंशांपर्यंत गार केलेल्या भिंतीवर ती हवा सोडली तर भिंतीला लगेच घाम फुटतो. आत-बाहेरची टक्केवारी नुसती शेजारी ठेवून तुलना होत नाही, दोन्हीकडचा दवबिंदू काढून पाहावा लागतो. बाहेरचा कमी असेल तरच खिडकी उघडा. तसं नसेल तर खिडकी बंद ठेवून डीह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड वापरा. कपाटात ठेवायच्या ओल शोषणाऱ्या डब्या कपाटापुरत्या ठीक आहेत, खोलीच्या हवेतल्या पाण्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

एसीचा एक उलटा प्रकारही असतो. एका खोलीत एसी १८ अंशांवर आहे आणि त्याची झोत छतावर मारतेय. स्लॅब गार होतो, आणि त्या स्लॅबच्या पलीकडे एसी नसलेल्या दमट खोलीत फरशीला किंवा भिंतीच्या वरच्या भागाला पाणी सुटतं. तिथले लोक गळती शोधत बसतात. एसी २५-२६ अंशांवर ठेवून झोत छतापासून वळवली की फरक दोन-तीन दिवसांत दिसतो.

बुरशी काढणं

आर्द्रता आठवडाभर ६० च्या आसपास किंवा खाली राहायला लागली की मगच साफसफाईला घ्या. आधी केली तर ती पुन्हा करावी लागेल.

डाग एक चौरस मीटरपेक्षा लहान असेल तर घरी काढता येतो. त्याहून मोठा असेल, सांडपाण्यामुळे आला असेल किंवा घरात दम्याचा त्रास असलेलं कोणी असेल, तर हे काम माहीतगाराकडून करून घ्यावं. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि बंद चष्मा लागतो. छताचं काम असल्यामुळे सगळं तोंडावरच येतं. खोलीचं दार बंद करा आणि पंखा बंद ठेवा. कोरड्या ब्रशने कधीच घासू नका, त्याने बीजाणू खोलीभर उडतात. डाग आधी साबणपाण्याने भिजवा, मग ओल्या कापडाने एका दिशेने पुसा आणि कापड दर वेळी पालटा. वापरलेली कापडं पिशवीत बांधून टाका.

रंगवलेल्या किंवा लादीच्या पृष्ठभागावर त्यानंतर ब्लीच चालतं, चार लिटर पाण्यात फार तर पाव लिटर, तेही खिडकी उघडून. ब्लीचमध्ये ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेला क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. गिलाव्यासारख्या सच्छिद्र भागात ब्लीच वरचा रंग घालवतं, आत रुतलेली बुरशी तशीच राहते. तिथे मऊ झालेली पुट्टी घट्ट थर लागेपर्यंत ओली करून खरवडावी. जिप्समचा बोर्ड भिजून फुगला असेल तर तेवढा तुकडा कापून बदलावा.

रंग आणि उष्णतारोधक थर

खरवडलेली जागा पूर्ण सुकू द्या. फॉइलची चाचणी पुन्हा करून दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या की प्रायमर आणि बुरशीरोधक रंग मारा. या रंगातलं औषध बुरशीला काही काळ रोखतं, ओल कमी करत नाही. बुरशीवरच रंग मारला तर तो काही आठवड्यांत पापुद्र्यासह सुटतो. न्हाणीघराच्या छताला तकतकीत ऑइल पेंट द्यावा की नाही यावर वाद होतात. तो पुसायला सोपा, पण पाणी अजिबात शोषत नसल्यामुळे थेंब लवकर जमून अंगावर टपकतात. फॅन नीट असेल तरच तो निवडावा.

आर्द्रता ६० वर ठेवूनही कोपरा काळा होत असेल तर तो फारच थंड आहे. अशा वेळी उष्णतारोधक थर शक्यतो बाहेरून, म्हणजे गच्चीवर किंवा भिंतीच्या बाहेरच्या अंगाने द्यावा. आतून बोर्ड लावायचाच असेल तर तो कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना निदान ३० ते ६० सेंमी पुढे न्या आणि मागे पोकळी न ठेवता पूर्ण गोंदाने चिकटवा. नुसता डागाएवढा तुकडा ठोकला तर खोलीतली वाफ कडेने त्याच्या मागे शिरते, तिथली भिंत आता आधीपेक्षाही गार असते, आणि बुरशी डोळ्यांआड वाढते.

काम झाल्यावर आर्द्रतामापक त्याच खोलीत ठेवा आणि पहाटेचा आकडा महिनाभर लिहा. ठिपके दोन-तीन आठवड्यांत त्याच जागी आले तर गिलावा सुकायच्या आधी रंग मारला गेलाय. काही महिन्यांनी सगळ्या कोपऱ्यांत एकदम आले तर वाफ पुन्हा साठतेय, फॅनपासून सुरुवात करा. आणि एकाच ठिकाणी पिवळी कड घेऊन डाग उमटला तर नोंदीचा जुना कागद काढा आणि त्या दिवशी पाऊस होता का ते पाहा.